फरशीला एकच तोंड असतं

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं, "हे काम आपल्याच्याने व्हायचं नाही. उद्या मी बाईंना नाही म्हणून कळवतो."

काकाने कपाळावर हात मारून घेतला. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये या दोघा भावांचा नक्षीदार फरश्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे हाताने फिरवायचा एक प्रेस, फरश्या भिजत घालायची टाकी, रंगाचे डबे आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या, नक्षीचे रंग वेगळे ठेवणाऱ्या पितळी जाळ्या. आपली फरशी नातवंडांच्या नातवंडांना पुरेल असं काका प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा, आणि गिऱ्हाईक नातवंडांचं काय ते नातवंडंच बघून घेतील असं म्हणून चकचकीत, यंत्रातून निघालेली फरशी घ्यायला पुढच्या दुकानात जायचं. बाबांसाठी एका गोदामात नोकरी तयार होती. हे शेवटचं काम हातचं गेलं, तर शेडला कुलूप लागणार हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त मोठ्याने कोणी म्हणत नव्हतं.

काम होतं दातांच्या एका डॉक्टरीणबाईंचं. त्यांना नव्या दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत, नक्षीची फरशी हवी होती. शेडमधले सगळे नमुने त्यांनी पाहिले आणि एकेकाला नाक मुरडलं. मग निघताना दारात त्यांचा पाय अडखळला. तिथे आजीची रोजची रांगोळी होती. आजी अजून तिच्या बुटक्या स्टुलावर बसून शेवटची रेघ ओढत होती.

"मला हीच हवी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अगदी अशीच. एक रेघ इकडची तिकडे नको."

अडचण नेमकी तिथेच होती. तेवढी रांगोळी एका फरशीत मावत नव्हती, चार फरश्या जोडून एक रांगोळी होणार होती. चार फरश्या म्हणजे चार वेगळ्या नक्ष्या, चार नक्ष्यांना चार जाळ्या, आणि जाळ्या करणारा कारागीर एवढा निवांत माणूस होता की त्याच्याकडे एक जाळी टाकायची तर माणसाने आधी आपली बाकीची कामं उरकून घ्यावीत. चार जाळ्या होईपर्यंत डॉक्टरीणबाईंच्या पेशंटांचे दात आपोआप पडले असते.

"चार कशाला?" दारातून आवाज आला. "एकच पुरे."

बोलणारी बाबांची मुलगी होती. तिला घरात सगळे मास्तरीण म्हणत. कारण ती दुधाचं माप चुकलं तर दूधवाल्याला सांगे, गोष्ट सांगताना काका कालच्यापेक्षा वेगळं बोलला तर त्याला अडवे, आणि पाहुण्यांच्या भिंतीवरची तसबीर तिरपी असेल तर ती सरळ केल्याशिवाय पाणी पीत नसे. अशा मुलांचं लोक कौतुक करतात, पण शेजारी बसायला बोलवत नाहीत.

शाळेत त्या आठवड्यात बाईंनी सममिती शिकवली होती, आणि मास्तरिणीला तेव्हापासून जगात दुसरं काही दिसत नव्हतं. फुलपाखराला सममिती होती, खिडकीला होती, काकाच्या मिशीला थोडक्यात हुकली होती. आजीच्या रांगोळीला हात लावायची घरात कोणाची टाप नव्हती, म्हणून तिने ठिपके मोजून ती जशीच्या तशी चौकटीच्या कागदावर उतरवून घेतली होती. तो कागद तिने बाबांसमोर पसरला.

"हे बघा. मधून एक उभी रेघ, एक आडवी. झाले चार चौकोन. प्रत्येकात मधल्या ठिपक्यातून एक वेल निघते, बाहेर जाता जाता एका अंगाला वाकते, आणि वाकते तिथे एक पान. भोवतीची रेघ प्रत्येक चौकोनाच्या दोन्ही कडांना मधल्या ठिपक्यापासून तेवढ्याच अंतरावर येते. दिसलं?"

"दिसलं."

"आता हा पातळ कागद. वरच्या उजव्या चौकोनावर ठेवून मी वेल गिरवली. आता उचलते आणि शेजारच्यावर ठेवते." तिने पुस्तकाचं पान उलटावं तसा कागद डावीकडे टाकला. वेलीवर वेल बसली, पानावर पान. "जुळलं. आता खालच्यावर." तिने कागद खाली उलटला. "जुळलं. आणि हा राहिलेला." तोही जुळला. "चारी तुकडे एकच आहेत. एकच फरशी करायची आणि फिरवून फिरवून लावायची."

बाबांनी स्वतः कागद उचलून तसाच या चौकोनावरून त्या चौकोनावर टाकून पाहिला. जुळला. त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी रंग आला.

"दादा, पोरगी नाही, हिरा आहे," काका म्हणाला, आणि बाबांचं मन पालटायच्या आत फोन करून त्याने डॉक्टरीणबाईंना तारीख देऊन टाकली. ती तारीख बाबांना विचारून दिली असती तर बरं झालं असतं, पण काकाने आजवर कुठलीच तारीख कोणाला विचारून दिली नव्हती.

एकच जाळी करायची म्हटल्यावर कारागिरानेही मनावर घेतलं. फरशी घडते तेव्हा तिचं तोंड साच्यात खाली असतं, म्हणून जाळीतली नक्षी मूळ चित्राच्या उलटी करावी लागते. हे त्याला ठाऊक होतं आणि त्याने ती बरोबर उलटी केली. पुढे जे झालं त्यात त्या माणसाचा काडीचा दोष नाही.

मग शेडमध्ये पुन्हा हालचाल सुरू झाली. लोखंडी साच्यात जाळी ठेवायची, तिच्या खणाखणांत पळीने पातळ रंग ओतायचा, हिरवा वेलीत, तांबडा पानात, पांढरा बाकी सगळीकडे. श्वास रोखून जाळी सरळ वर उचलायची, म्हणजे रंग एकमेकांत न मिसळता आपापल्या जागी थांबतात. वरून कोरडं सिमेंट आणि रेती पसरायची आणि प्रेसचं चाक फिरवून दाबायचं. फरशी बाहेर आली की उलटून तोंड बघायचं, आणि दुसऱ्या दिवशी तिला टाकीत बुडवायची. शाळेतून आली की मास्तरीण तिथेच असायची. प्रत्येक फरशी आधीच्या फरशीसारखी हुबेहूब निघत होती. ती तपासून तपासून बाजूला ठेवत होती. इतक्या अचूक चुका घरात पूर्वी कधी झाल्या नव्हत्या.

फरश्या बसवायच्या दिवशी काका तिला मुद्दाम दवाखान्यात घेऊन गेला. "ही आमची इंजिनिअर," त्याने डॉक्टरीणबाईंना ओळख करून दिली. मास्तरिणीने वेणी पुढे घेतली.

बाबांनी आधी सिमेंट न लावता, नुसत्या चार फरश्या जमिनीवर मांडायला घेतल्या. पहिली वर उजवीकडे ठेवली. दुसरी अर्धा फेरा फिरवून तिच्या तिरक्या समोर, खाली डावीकडे ठेवली. दोन्ही कागदावरच्यासारख्या दिसल्या. काकाने डॉक्टरीणबाईंकडे पाहून मान डोलावली. मग बाबांनी तिसरी उचलली, वर डावीकडे ठेवली, आणि थांबले.

त्यांनी ती फिरवली. पुन्हा फिरवली. अजून एकदा फिरवली, आणि मग ती पहिल्यासारखी झाली. डावीकडची वेल उजवीकडच्या वेलीच्या समोर तोंड करून वाकायला हवी होती. ती कशीही फिरवली तरी मागच्या मागे पळत होती.

"दुसरी घे, दादा. ती खराब असेल," काका म्हणाला.

बाबांनी दुसरी घेतली. मग आणखी एक. मग गाडीतून अजून एक आणायला सांगितली. सगळ्या फरश्या एकाच साच्यातल्या सख्ख्या बहिणी, सगळ्यांचं वळण एकच. शेवटी बाबांनी काय करावं न सुचून फरशी चक्क पालथी घातली. आता वेल बरोबर हव्या त्या दिशेने वाकली होती, पण ती जमिनीला दिसत होती. वर राहिली होती सिमेंटची करडी पाठ.

मास्तरिणीला सगळं कळलं होतं, आणि तिला ते कळायला नको होतं. तिने कागद फिरवला नव्हता, उलटला होता. पातळ कागद इकडूनही वाचता येतो आणि तिकडूनही. कागदाला दोन तोंडं असतात, फरशीला एकच.

बाबांनी धीर करून उरलेल्या दोन्ही जागी फरश्या फिरवूनच ठेवल्या. चारी वेली एकाच दिशेने वाकल्या, पंख्याच्या पात्यांसारख्या. गंमत म्हणजे भोवतीची रेघ कुठेही तुटली नाही, सगळ्या कडांवर नीट जुळली.

"मॅडम, तशी ही पण वाईट नाही दिसत," काका म्हणाला. "उलट जरा चालती-फिरती वाटते."

"माझ्याकडे येणारा माणूस आधीच घाबरलेला असतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्याला बसायला भोवरा देऊ? मला डावीकडे तेच उजवीकडे हवंय. समोरासमोर. दात असतात तसं." त्या वाकल्या, एक फरशी हातात घेतली आणि क्षणभर निरखून म्हणाल्या, "अहो, ही तर सगळी उजवीकडचीच केलीत तुम्ही. डाव्या दाढेच्या जागी उजवी दाढ कशी बसेल?"

जे बाबांना फरश्या मांडून बघेपर्यंत कळलं नव्हतं आणि मास्तरिणीला घरी कळायला हवं होतं, ते त्या बाईंनी एका वाक्यात सांगितलं. गाडीभर उजव्या पायाचे जोडे शिवून आणावेत आणि गिऱ्हाइकाला म्हणावं, फिरवून घाला, तसला हा प्रकार झाला होता. धरणीने पोटात घ्यावं असं मास्तरिणीला वाटलं. पण त्या खोलीतल्या धरणीला आधीच बरंच काही सोसायचं होतं.

परतताना बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "तुझं काय चुकलं? मी एवढा घोडा झालो, मला दिसायला नको?" ते ऐकून तिला रडू फुटलं. संध्याकाळी बाबांनी गोदामवाल्यांना फोन करून जागा अजून आहे का ते विचारलं. होती.

मास्तरिणीने त्या दिवसापासून बोलणंच सोडलं. दूधवाल्याने माप कमी भरलं, ती बघत राहिली. काकाने एकच गोष्ट एका बैठकीत दोन तऱ्हांनी सांगितली, तिने चकार शब्द काढला नाही. तिची आई नोकरीवरून आली की आधी तिच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघायची. घरात अशी शांतता पसरली की सगळ्यांना चुकल्यासारखं होऊ लागलं. आपल्यामुळे बाबांचा कारखाना गेला, हे वाक्य तिच्या डोक्यात दिवसभर फिरत असे, आणि ते कसंही फिरवलं तरी तसंच दिसायचं.

एका दुपारी ती रिकाम्या शेडमध्ये जाऊन बसली. भिंतीवर सगळ्या जाळ्या टांगलेल्या होत्या. ती नवी जाळी मात्र कोणीतरी वैतागून खिडकीच्या गजाला अडकवून ठेवली होती, मुठीची बाजू बाहेर करून. मास्तरीण तिच्याकडे बघत राहिली, कारण दुसरीकडे कुठे बघावंसं वाटत नव्हतं. मग ती उठली, खिडकीला वळसा घालून बाहेर गेली आणि तिथून पाहिलं. पुन्हा आत आली. पुन्हा बाहेर गेली.

ती धावत बाबांकडे गेली, आणि त्यांच्यासमोर उभी राहिल्यावर तिचा धीर सुटला.

"काय गं?"

"काही नाही."

"बोल की. चार दिवसांत तोंड उघडलं नाहीस."

"जाळीला," ती खाली मान घालून म्हणाली, "दोन तोंडं आहेत. आतून बघितलं तर वेल इकडे वाकते, बाहेरून बघितलं तर तिकडे. कागदासारखं. जाळी साच्यात पालथी घातली, तर डावीकडची फरशी निघेल."

बाबा उठले. शेडमध्ये जाऊन त्यांनी जाळी हातात घेतली, उलटसुलट केली. म्हणणं खरं होतं. जाळी म्हणजे नुसत्या पितळी पट्ट्या, वरून खालून सारख्याच. फक्त पट्ट्यांना धरून ठेवणाऱ्या आडव्या सळ्या आणि मूठ एका बाजूला होत्या, त्यामुळे ती पालथी बसत नव्हती. त्या कापून दुसऱ्या बाजूला जोडायच्या, एवढंच काम होतं. पण कापताना एक पट्टी जरी वाकली, तर उजवीकडचीही फरशी गेली आणि डावीकडचीही.

बाबांनी करवत घेतली, जाळी शिकंज्यात धरली आणि मुलीकडे पाहिलं. "नक्की?"

मागच्या वेळी याच प्रश्नाला तिने न विचारता हो म्हटलं होतं. "नक्की," ती म्हणाली, पण असं म्हणाली की ऐकणाऱ्याने करवत ठेवून द्यावी. बाबांनी ठेवली नाही.

जाळी वाचली. पालथ्या जाळीतून पहिली फरशी निघाली, बाबांनी ती उलटून जुन्या फरशीशेजारी ठेवली, आणि दोन वेली समोरासमोर वाकून एकमेकींकडे बघू लागल्या. काकाने मास्तरिणीला उचलून घेतलं. ती हसली नाही. ओली फरशी सुकेपर्यंत तिचा स्वतःवर विश्वास बसणार नव्हता.

डॉक्टरीणबाईंना दिलेली तारीख केव्हाच उलटून गेली होती. दवाखाना सुरू झाला होता आणि पेशंट जिन्यात खुर्च्या टाकून बसत होते. तिथून त्यांना आतल्या यंत्राचा आवाज जास्त स्पष्ट ऐकू यायचा, म्हणून त्यातले काही वर येतच नसत. डॉक्टरीणबाईंनी काकाला फोनवर जे ऐकवलं ते काकाने घरी सांगितलं नाही. अखेर फरशी बसली. डावीकडे तेच उजवीकडे, वर तेच खाली, रेघ न् रेघ कागदाप्रमाणे. बाईंनी खोलीभर फिरून पाहिलं आणि म्हणाल्या, "आता झालं मनासारखं."

पण मनासारखं फक्त त्यांचं झालं होतं. एका कामात दोन कामांची मेहनत गेली होती, सिमेंट आणि रंग दीडपट लागले होते आणि वर बोलणी खाल्ली ती वेगळी. पहिल्या खेपेच्या निम्म्या फरश्या वापरात आल्या, निम्म्या तशाच उरल्या. सगळ्या उजवीकडच्या. त्यांना जगात कुठेही जोडीदार नव्हता. बाबांनी घरात सांगून टाकलं की नव्या महिन्यापासून ते गोदामात जातील, आणि या वेळी काकानेही कपाळाला हात लावला नाही.

"फुकट पडून राहण्यापेक्षा पायाखाली तरी येतील," म्हणून सुट्टीच्या दिवशी, काका बाहेरगावी गेलेला असताना, बाबांनी उरलेल्या फरश्या घराच्या दारातच बसवून टाकल्या. डावीकडच्या नव्हत्याच, त्यामुळे फिरवून फिरवून लावण्याशिवाय इलाज नव्हता. चारचार वेलींचे पंखे झाले. मास्तरीण त्यांना फरश्या हातात देत होती. प्रत्येक फरशी तिला आपला गुन्हा वाटत होती, आणि तो आता येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसणार होता. सिमेंट सुकेपर्यंत आजीला मागच्या दाराने ये-जा करायला सांगितलं होतं, म्हणून तिने हे काहीच पाहिलेलं नव्हतं.

सिमेंट सुकलं तेव्हा आजी सकाळी रांगोळीची वाटी घेऊन, भिंतीला धरत धरत दारात आली. खाली पाहिलं आणि तिथेच थबकली. मग मास्तरिणीच्या खांद्यावर हात ठेवून ती स्टुलावर टेकली, वाटी बाजूला ठेवली आणि एका वेलीवरून बोट फिरवत नेलं. बोट कुठेही अडलं नाही. एका वेलीवरून भोवतीच्या रेघेवर, रेघेवरून पुढच्या वेलीवर.

"ही कुठे मिळाली तुम्हाला?" तिने विचारलं.

"कुठली, आई?" बाबा म्हणाले.

"ही माझी रांगोळी. खरी. किती दिवसांनी बघतेय."

बाबा आणि मास्तरीण एकमेकांकडे बघू लागले. "आजी, तुझी रांगोळी अशी नाहीये," मास्तरीण म्हणाली. तिला ती पाठ होती. "तुझ्यात वेली समोरासमोर असतात. ही चुकलेली आहे."

"चुकलेली ती, बाळा. ही बरोबर." आजीने हाताने दाखवलं. "मी या अंगाला बसून एक वेल काढायचे. मग उठून त्या अंगाला जाऊन बसायचे आणि परत तीच वेल, तशीच. मग पलीकडे, मग शेवटच्या अंगाला. हात तोच, बसणं तेच, म्हणून सगळ्या वेली एकाच वळणाच्या व्हायच्या. रांगोळीभोवती मी फिरायचे, म्हणून रांगोळी फिरायची."

"मग?"

"मग काय? आता उठता येतं का मला? गुडघे बसले की उठत नाहीत. एकाच जागी बसून सगळं काढते. उजवीकडची वेल झाली की तिच्याकडे बघत डावीकडची काढते, ती आपोआप तिच्या समोर तोंड करून येते. पलीकडच्या दोन्ही हात लांब करून, अलीकडच्यांना बघून, त्याही समोरासमोर. आरशासमोर बसल्यासारखं." तिने वाटीतली रांगोळी चिमटीत घेतली आणि परत सोडली. "मला वाटायचं, कोणीतरी म्हणेल, आजी, तुझी रांगोळी बदलली."

कोणीच म्हणालं नव्हतं. मास्तरिणीने ठिपके मोजले होते, कडा मोजल्या होत्या, चौकोनावर चौकोन जुळवून पाहिले होते. रोज सकाळी आजी त्या स्टुलावरून उठत का नाही, हे तिने एकदाही पाहिलं नव्हतं. तिला फार वाईट वाटलं, कारखान्याच्या वाईट वाटण्यापेक्षाही जास्त.

"आई, हे तू आधी का नाही सांगितलंस?" बाबांचा आवाज चिरकला. "दारात तुझी ही खरी रांगोळी असती, तर एकच जाळी पुरली असती. पोरगी म्हणाली तसंच. एकदाच फरश्या घडवल्या असत्या, वेळेवर दिल्या असत्या..."

"मला कुठे माहीत तुम्ही काय करताय? तुम्ही आपले कागद टाकत बसला होता. मी म्हटलं, शिकलेली माणसं आहेत." आजी पुन्हा फरशीकडे बघू लागली. "तू बरोबर होतीस गं," ती मास्तरिणीला म्हणाली. "मीच चुकीची बसले होते. त्या दातांच्या बाईंच्या खोलीत तुम्ही माझे दुखरे गुडघे बसवून आलात. कायमचे."

बाबा पायरीवर बसले. मास्तरीण आजीच्या शेजारी, तिच्या गुडघ्याला टेकून बसली, आणि मग दचकून जरा लांब सरकली.

तेवढ्यात काका गावाहून परत आला, रस्त्यावरूनच हात हलवत. तो येताना इतका खूश कधीच नसे, त्यामुळे आधी सगळ्यांना भीतीच वाटली.

"दादा, गोदाम सोड," तो म्हणाला. "काम आलंय. डॉक्टरीणबाईंच्या वरच्या मजल्यावर दुसरे एक डॉक्टर आहेत, त्यांनी खालची फरशी बघितली. त्यांनाही तीच हवीय. अगदी तशीच, वेली समोरासमोर. दोन खोल्या आहेत आणि मोठ्या आहेत. तिथे पेशंटांची ही रांग लागलेली असते. आणि आपल्याला घाई काहीच नाही, उजवीकडच्या फरश्या तर आपल्याकडे तयारच पडल्यात. फक्त डावीकडच्या..." त्याची नजर दारातल्या फरशीवर गेली.

"सुकल्या," बाबा म्हणाले.

काकाने वाकून एक फरशी नखाने उचकटून पाहिली. ती हलली नाही. आपली फरशी नातवंडांच्या नातवंडांना पुरते हे त्याचं म्हणणं आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांसमोर खरं होत होतं. "म्हणजे मूठ परत कापायची?" त्याने बारीक आवाजात विचारलं.

"कापू," बाबा म्हणाले. ते उठून उभे राहिले होते.

"कसले डॉक्टर आहेत रे ते?" आजीने विचारलं.

"हाडांचे, आई. गुडघ्यांचे म्हणून नाव आहे त्यांचं."

आजीने रांगोळीची वाटी बाजूला सारली, पदर खोचला आणि मास्तरिणीपुढे हात केला.

"चल गं, उठव मला. त्यांना नमुना दाखवायला मीच येते."